शाळेच्या कबड्डी संघात दादागिरी आणि लाडकेपणा कसा थांबवावा: नव्या क्रीडाशिक्षकांसाठी

जूनमध्ये शाळा सुरू होते, आठवड्याभरात मुख्याध्यापक तुमच्या हातात सतरा वर्षांखालील मुलांचा कबड्डी संघ देतात आणि पावसाळा सरायच्या आत तालुक्याच्या सामन्यांचं पत्रक येतं. एवढ्या थोड्या वेळात चढाई आणि पकड शिकवायची की संघातली भांडणं सोडवायची, हा प्रश्न प्रत्येक नव्या शिक्षकाला पडतो. मी बरीच वर्षं शालेय संघ तयार करतोय. माझा अनुभव असा की ही दोन कामं वेगळी नाहीत. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दादागिरी आणि लाडकेपणा हेही दोन वेगळे आजार नाहीत. ज्या मुलाला सर काही बोलत नाहीत, तोच बाकीच्यांवर हात उचलतो. सरांच्या मर्जीतला कोण, हे पोरांना पहिल्या चार दिवसांत कळतं आणि मग मैदानावर कुणाचं चालणार हे त्यावरून ठरतं.

सतरा वर्षांखालील गटात हे जास्त दिसतं, त्याला कारण आहे. आठवीतला कोवळा पोरगा आणि दहावीतला मिशा फुटलेला मुलगा एकाच मॅटवर असतात. शिवाय तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढलं की दहावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळण्याची शक्यता असते, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के राखीव जागा आहेत. त्यामुळे बारा जणांच्या यादीत नाव असणं ही घराघरांतली मोठी गोष्ट होते. त्या यादीवर संशय आला की संघ आतून फुटतो.

खाली जो क्रम दिला आहे तो त्याच क्रमाने करा. मधली पायरी गाळून पुढे गेलात तर कागद उरतात, उपयोग होत नाही.

आधी हे जमवून ठेवा

- शंभर पानी वही, फक्त तुमच्यासाठी
- सरावाचं हजेरीपत्रक, तारखांसकट
- प्रशिक्षकाचं एक पान आणि संघाच्या नियमांचं एक पान (दोन्ही पुढे दिली आहेत)
- निवडचाचणीचा गुणतक्ता
- कामाच्या पाळ्यांचा तक्ता, मैदानाजवळ लावायला
- पालकांचं संमतीपत्र, त्यात त्यांनी नियम वाचल्याची सही
- तक्रार नोंदवायची वेगळी वही, जी मुख्याध्यापकांच्या कपाटात राहील

१. पहिले दोन आठवडे फक्त बघा

या काळात कुठलाही नियम जाहीर करू नका. सराव घ्या आणि वहीत लिहा. मॅटचे तुकडे कोठीतून कोण आणतं आणि परत कोण ठेवतं? मातीचं मैदान असेल तर पाणी कोण मारतं, फक्की कोण आखतं? पाण्याची कळशी आली की आधी कोण पितं? सराव सामन्यात सलग चढाया कुणाच्या होतात? कोण कायम रेषेबाहेर उभा राहून चेंज मिळण्याची वाट बघतो? चार-पाच दिवसांत तीच तीच नावं दिसू लागतील.

कबड्डी अंगावर येणारा खेळ आहे, त्यामुळे खेळातला जोर कुठला आणि त्रास देणं कुठलं, हे नव्या माणसाला चटकन ओळखता येत नाही. मी तीन गोष्टी बघतो. पहिली, शिट्टीनंतर काय होतं. चढाईपटू बाद झाला, शिट्टी वाजली, तरी अंगावरचे तिघं उठत नाहीत, एखादा जाता जाता कोपर घालतो, तोंड मातीत दाबतो. हे खेळात बसत नाही. दुसरी, हे कुणाच्या वाट्याला येतं. प्रत्येकाला थोडं थोडं येत असेल तर तो संघाचा धसमुसळेपणा आहे, शिकवून कमी होतो. एकाच मुलाच्या वाट्याला येत असेल तर तो ठरवून केलेला त्रास आहे. तिसरी, त्या मुलाला उलट काही करता येतं का. दोन तोडीस तोड मुलं एकमेकांना चिडवतात तेव्हा दोघंही हसतात. एकच जण हसतोय आणि दुसरा खाली बघून बुटाची नाडी बांधतोय, तर तिथे लक्ष द्या.

आडून होणारा त्रासही असतो आणि तो जास्त चालतो. समोर सातही गडी उभे असताना नवख्याला मुद्दाम चढाईला ढकलायचं आणि तो बाद झाला की टाळ्या पिटायच्या. साखळीत हात धरताना नेमका त्याचाच हात सोडायचा, म्हणजे पकड सुटते आणि चूक त्याची दिसते. हे कडेला खुर्चीत बसून दिसत नाही. मॅटच्या कोपऱ्याजवळ उभं राहिलं तर दिसतं.

याच वहीत स्वतःबद्दलही लिहा. सरावात तुम्ही नावाने कुणाला हाक मारता आणि ‘ए’ म्हणून कुणाला? उशिरा आलेल्या कुणाला तुम्ही काहीच बोलला नाहीत? पुढची पायरी यावरच उभी आहे.

२. आधी तुमचं पान लिहा, मग मुलांचं

बहुतेक शाळांत नियम फक्त मुलांसाठी असतात. त्यामुळे ते टिकत नाहीत. मुलांना नियम सांगायच्या आधी तुम्ही स्वतः कशाला बांधलेले आहात, हे लिहून त्यांच्यासमोर वाचा आणि खाली सही करा. माझं पान साधारण असं असतं:

*मी सराव ठरलेल्या वेळी सुरू करीन आणि उशिराचा नियम कर्णधारालाही लावीन. मी कुणालाही शरीरावरून, जातीवरून, घरच्या परिस्थितीवरून किंवा टोपणनावाने हाक मारणार नाही. मी कुणावर हात उचलणार नाही, आणि कुणाला शिक्षा करायचं काम दुसऱ्या खेळाडूला देणार नाही. चूक सगळ्यांसमोर सांगायची वेळ आली तर खेळातली चूक सांगीन, माणसावर बोलणार नाही. निवड कशावर होणार हे मी चाचणीच्या आधी सांगीन. माझ्या नात्यातला किंवा माझ्या खासगी वर्गातला मुलगा चाचणीत असेल तर त्याचे गुण मी देणार नाही.*

यातलं शिक्षेचं वाक्य विशेष जपा. ‘कर्णधारा, याला दोन चक्कर मारायला लाव’ असं सर सहज म्हणून जातात. त्या एका वाक्याने कर्णधाराला बाकीच्यांवर सत्ता मिळते आणि पुढच्या आठवड्यात तो सरांच्या पाठीमागे ती वापरतो. मोठ्या मुलांनी लहानांना उठाबशा काढायला लावणं हे बहुतेक वेळा अशाच परवानगीतून सुरू झालेलं असतं. शिवाय शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ प्रमाणे मुलांना शारीरिक शिक्षा देणं आणि मानसिक त्रास देणं यावर बंदी आहे. तो कायदा आठवीपर्यंतचा आहे म्हणून नववी-दहावीला चालतं, असा अर्थ कुणी काढू नये. अल्पवयीन मुलाशी क्रूरपणे वागणं हा बालन्याय कायद्यानेही गुन्हा आहे.

वजनाबद्दलही सांगतो. शालेय कबड्डीत गटानुसार वजनाची मर्यादा असते, म्हणून काटा आणावाच लागतो. पण सगळ्यांसमोर वजन करून आकडा मोठ्याने वाचलात तर वर्षभराचं टोपणनाव तुम्हीच दिलं. एकेकाला आत बोलवा, वहीत लिहा, संपलं. आणि वजन उतरवायला कुणालाही उपाशी राहायला सांगू नका.

३. नियम मुलांकडून काढून घ्या, पण शब्द घट्ट करा

ही बैठक मैदानावर घेऊ नका. वर्गात घ्या, पाऊण तास ठेवा. प्रत्येकाला कोरी चिठ्ठी द्या, नाव लिहायचं नाही. दोनच प्रश्न फळ्यावर लिहा: ‘संघात कशामुळे खेळायची इच्छा जाते?’ आणि ‘सरांनी काय करावं किंवा करू नये?’ चिठ्ठ्या डब्यात. अक्षरावरून मुलं एकमेकांना ओळखतात, म्हणून चिठ्ठ्या तुम्हीच वाचा आणि तुमच्या शब्दांत फळ्यावर मांडा.

पहिल्यांदा घेतलं की चिठ्ठ्यांत बहुतेक वेळा ‘सर्वांनी एकजुटीने राहावे’ अशी सुविचाराची वाक्यं येतात. त्यांना नावं ठेवू नका, पण तिथे थांबूही नका. विचारा, ‘एकजुटीने म्हणजे मैदानावर नेमकं काय दिसलं पाहिजे?’ मग कुणीतरी म्हणतो की बाद झालेल्याला शिव्या घालू नयेत. दुसरा म्हणतो की माझ्या बॅगेतला डबा कुणीतरी रोज खातं. आता नियम तयार होतो. नियम असा हवा की तो मोडला की नाही हे बघणाऱ्या दोघांचं एकमत होईल. ‘आदराने वागायचं’ यावर वाद होऊ शकतो, ‘शिट्टी झाली की हात सोडायचे’ यावर होत नाही.

शेवटी सातच्या वर नियम ठेवू नका. नमुना देतो, पण हा जसाच्या तसा उतरवू नका, कारण मुलांच्या तोंडून आलेल्या शब्दांचाच उपयोग होतो.

*शिट्टी झाली की हात सोडायचे आणि पडलेल्याला उठवायचं.*
*नावाने हाक मारायची. जे नाव ऐकणाऱ्याला नको, ते नको.*
*मॅट, पाणी, फक्की ही कामं तक्त्याप्रमाणे. आपली पाळी दुसऱ्यावर टाकायची नाही.*
*बाद झालेल्याला किंवा पकड सुटलेल्याला सामन्यात कुणी बोलायचं नाही. बोलायचं ते सरांनी, नंतर.*
*दुसऱ्याची बॅग, डबा, बूट, मोबाइल विचारल्याशिवाय घ्यायचा नाही.*
*कपडे बदलताना किंवा झोपेत कुणाचा फोटो, व्हिडिओ काढायचा नाही.*
*कुणाला त्रास होताना दिसला तर सांगायचं. सांगणाऱ्याला ‘चुगलखोर’ म्हणणं हाही नियमभंग.*

खाली मुलांच्या, पालकांच्या, तुमच्या आणि मुख्याध्यापकांच्या सह्या घ्या. मुख्याध्यापकांची सही अडचणीच्या दिवशी तुमच्या कामी येते. ती कशी, हे नवव्या पायरीत येईल.

४. नियम मोडला तर काय, हेही त्याच दिवशी ठरवा

नियम लिहिले आणि परिणाम लिहिले नाहीत, तर परिणाम तुमच्या त्या दिवसाच्या मूडवर ठरतो. मग वेगवान चढाईपटूला ‘जाऊ दे, पुन्हा करू नको’ आणि राखीव खेळाडूला ‘उद्यापासून येऊ नको’. हाच लाडकेपणा. म्हणून पायऱ्या आधी ठरवा.

पहिल्यांदा: त्याच दिवशी एकट्याला बाजूला घेऊन सांगायचं आणि वहीत तारीख टाकायची. दुसऱ्यांदा: पुढचा सराव सामना बाहेर बसायचं आणि पालकांना फोन. तिसऱ्यांदा: एक अधिकृत सामना बाहेर. मारहाण, तोंड मातीत दाबणं, कपड्यांशी खेळ, व्हिडिओ या गोष्टींना पहिली पायरी नाहीच. त्या थेट मुख्याध्यापकांकडे जातात आणि निर्णय होईपर्यंत तो मुलगा अधिकृत सामन्यात उतरत नाही.

धावण्याच्या चकरा, दंडबैठका या शिक्षा म्हणून ठेवू नका. व्यायाम आपण त्यांना आवडावा म्हणून देतो, आणि शिक्षा म्हणून दिला की त्याचं मोजमाप शिक्षा देणाऱ्याच्या रागावर जातं. पूर्ण संघाला एकाच्या चुकीची शिक्षा देणं तर मुळीच नको. सर गेल्यावर संघ त्या एकाला गाठतो.

५. निवड कागदावर आणा

चाचणीच्या निदान पंधरा दिवस आधी निकष फलकावर लावा. माझा तक्ता चाळीस गुणांचा असतो: हजेरी १०, सराव सामन्यांतली कामगिरी २०, तंदुरुस्तीच्या चाचण्या १०. कामगिरीत चढाईपटूचं आणि पकड करणाऱ्याचं मोजमाप वेगळं ठेवा. डावा-उजवा कोपरा आणि कव्हर सांभाळणाऱ्यांची तुलना चढाईपटूशी करून बचावपटूवर नेहमी अन्याय होतो, कारण गुणफलकावर चढाया उठून दिसतात.

‘वागणूक’ किंवा ‘खिलाडूवृत्ती’ असा रकाना बरेच जण ठेवतात. मी ठेवत नाही. त्या रकान्यातले पाच-दहा गुण कशावर दिले हे कुणालाच दाखवता येत नाही, आणि लाडकेपणा नेमका तिथूनच आत शिरतो. वागणुकीसाठी चौथ्या पायरीतल्या नोंदी आहेत, तेवढ्या पुरे.

एक उदाहरण पूर्ण बघू. बाराव्या जागेसाठी डाव्या कोपऱ्यावरचे दोन मुलगे आहेत. पहिला ४० पैकी ३८ सरावांना आला, दुसरा ४० पैकी २४. हजेरीचे गुण सरळ काढायचे: पहिल्याला ९.५, दुसऱ्याला ६. सराव सामन्यांत पहिल्याने ३० वेळा पकडीचा प्रयत्न केला, १२ यशस्वी. दुसऱ्याने २२ वेळा केला, ७ यशस्वी. म्हणजे पहिल्याचं यश ४० टक्के, दुसऱ्याचं साधारण ३२ टक्के. वीस गुणांत पहिल्याला ८, दुसऱ्याला ६.४. तंदुरुस्तीत दुसरा वरचढ आहे, त्याला ९ आणि पहिल्याला ७. बेरीज पहिल्याची २४.५, दुसऱ्याची २१.४. आता दुसऱ्याचे वडील शाळा समितीवर असतील आणि त्याची उंची, अंगकाठी बघून सगळेच म्हणत असतील की हाच हवा, तरी तुमच्या हातात दाखवायला कागद आहे. आणि उलटही खरं: दुसऱ्याची बेरीज जास्त आली असती तर वडील समितीवर आहेत म्हणून त्याला वगळणंही तितकंच चूक ठरलं असतं.

पकडीचे प्रयत्न मोजायला तुम्हाला वेळ होणार नाही. राखीव मुलांपैकी दोघांना पाळीने गुणलेखक करा. त्यांना गुणलेखन येतं, आणि मोजलं जातंय हे सगळ्यांना दिसतं. चाचणीच्या दिवशी मात्र जवळच्या दुसऱ्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना बोलवा. त्यांनी स्वतंत्र गुण द्यावेत आणि दोघांची सरासरी घ्यावी. बदल्यात तुम्ही त्यांच्या चाचणीला जा.

यादी फलकावर लावायच्या आधी, ज्यांचं नाव नाही त्या प्रत्येकाशी पाच मिनिटं एकट्याने बोला. त्याचे गुण दाखवा, कुठे कमी पडला ते सांगा, पुढच्या वर्षी काय वाढवायचं ते सांगा. फलकासमोर चार मित्रांच्या देखत आपलं नाव शोधायला लागणं हा मोठा अपमान असतो, आणि त्या संध्याकाळीच निवडलेले आणि वगळलेले यांच्यात चिडवाचिडवी सुरू होते.

६. खेळायला किती मिळेल, हे खरं खरं सांगा

मॅटवर सात, बाहेर पाच. हे पाच जण संघातले सगळ्यात दुर्लक्षित. त्यांना ‘तुलाही संधी देईन’ असं मोघम सांगणं हे न सांगण्यापेक्षा वाईट. मी स्पष्ट शब्दांत सांगतो: सराव सामन्यात बाराही जण निदान एक डाव खेळणार. अधिकृत सामन्यात त्या दिवशी गरजेप्रमाणे सात जण ठरणार आणि तालुक्याला सामने बाद पद्धतीचे असतील तर काही जण मॅटवर न उतरताच परत येतील, याची तयारी ठेवा. मुलं हे मान्य करतात. वचन देऊन मोडलेलं ते विसरत नाहीत.

पण सराव सामन्यातला शब्द पाळायचाच. ‘आज जरा महत्त्वाचा सराव आहे’ म्हणून एकदा राखीव मुलांना बाहेर ठेवलंत की तो नियम गेला. आणि अधिकृत सामन्यात मोठी आघाडी असेल तर बदली खेळाडू वापरा. नियमांत बदलीला परवानगी आहे, तरी तीस गुणांनी पुढे असताना तेच सात ठेवणारे प्रशिक्षक मी पाहतो. कडेला बसलेल्या पाचांना त्यावरून आपली किंमत कळते.

७. कामं, प्रवास आणि मुक्काम

कामाचा तक्ता लावा आणि पहिल्या आठवड्यात कर्णधाराचं नाव टाका. मॅट वाहून नेताना कर्णधार दिसला की बाकीच्यांना काही सांगावं लागत नाही.

सगळ्यात जास्त त्रास जिल्ह्याच्या मुक्कामात होतो, कारण रात्र असते, घर लांब असतं आणि मोठ्यांचं लक्ष नसतं. वर्गखोलीत सतरंज्या टाकून झोपायचं असतं. कुणी कुठे झोपायचं ते तुम्ही ठरवा, लहान मुलांना दाराजवळ आपल्या बाजूला घ्या, स्वतः त्याच खोलीत किंवा उघड्या दाराच्या शेजारच्या खोलीत राहा. ‘नव्यांची ओळख’ म्हणून रात्री नाचायला लावणं, पाणी ओतणं, अंगावर काही फासणं याला परंपरा म्हणून कुणी आणलं तरी चालू देऊ नका. रात्री दहाला मोबाइल एका पिशवीत गोळा करा. मुलींचा संघ असेल तर सोबत शिक्षिका असलीच पाहिजे. नसेल तर मुक्कामाचा दौरा करू नका.

व्हॉट्सॲपचा गट पालकांच्या नंबरांचा ठेवा, त्यात फक्त तुम्ही आणि मुख्याध्यापक संदेश टाकाल असं करा. मुलं त्यांचा वेगळा गट काढतातच. त्यात घुसायचा प्रयत्न करू नका, पण तिथे एखाद्याचा फोटो फिरला तर तो संघाचाच नियमभंग धरला जाईल, हे आधी सांगा.

८. तक्रार आली की पहिल्या दिवशी काय करायचं

मुलाला तीन दारं उघडी हवीत: तुम्ही, दुसरे एखादे शिक्षक किंवा शिक्षिका, आणि शाळेची तक्रारपेटी. त्रास देणारे तुम्हीच आहात असं एखाद्याला वाटत असेल, तर फक्त तुमचं दार असून उपयोग नाही. शाळेत सखी सावित्री समिती असते, तिच्या सदस्यांची नावं मुलांना माहीत करून द्या. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर नियमांच्या पानाखाली छापा.

मूल बोलायला आलं की आधी ऐका. ‘तू काय केलंस?’ हा प्रश्न पहिला विचारू नका. त्याच्याच शब्दांत लिहून घ्या: कधी, कुठे, कोण कोण होतं, याआधी झालं होतं का. ‘मी कुणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येत नाही. ‘ज्यांना सांगणं गरजेचं आहे त्यांनाच सांगीन’ इतकंच म्हणा.

मग सगळ्यात नेहमीची चूक टाळा. दोघांना समोरासमोर उभं करून ‘हात मिळवा, विसरून जा’ असं म्हणू नका. तोडीस तोड भांडण असेल तर ते चालतं. इथे एक जण दुसऱ्याला घाबरतोय, तो सरांसमोर ‘काही नाही सर’ म्हणणार आणि बाहेर गेल्यावर त्याचं दुप्पट भोगणार. दोघांचं वेगवेगळं ऐका, पाहणाऱ्यांचंही वेगवेगळं ऐका.

लैंगिक स्वरूपाची कुठलीही गोष्ट असेल, अगदी ‘मस्करीत केलं’ असं सांगितलं तरी, ती शाळेत मिटवायची नसते. पोक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ प्रमाणे अशी माहिती कळलेल्या माणसाने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. आधी आपण चौकशी करू, मग बघू, असं करायला वाव नाही.

९. एक प्रकरण, सुरुवातीपासून

तालुक्याच्या सामन्यांना आठवडा राहिला होता. आमचा मुख्य चढाईपटू दहावीतला. आठवीतल्या नव्या कोपरारक्षकाने सरावात त्याचा घोटा धरला आणि एकट्याने पकड केली. बाहेर बसलेली मुलं ओरडली. पुढच्या डावात बाजू बदलल्या, आठवीतला मुलगा चढाईला आला. चढाईपटूने आणि त्याच्या दोन मित्रांनी त्याला पाडलं, शिट्टी झाली, तरी सोडलं नाही. चढाईपटूने त्याचं तोंड मातीत घासलं आणि म्हणाला, “आता धर की घोटा.”

सराव तिथेच थांबवला. आधी लहान मुलाला उठवून नाक-डोळे धुतले, काही लागलंय का पाहिलं, त्याच्या घरी फोन केला. मग चौघांचं वेगवेगळं ऐकलं आणि संध्याकाळीच नोंद मुख्याध्यापकांकडे दिली. तोंड मातीत दाबणं हे थेट चौथ्या पायरीत लिहिलेलं होतं. निर्णय असा झाला: चढाईपटू तालुक्याचा पहिला सामना बाहेर, त्याचे दोन मित्र एक सराव सामना बाहेर, तिघांच्याही पालकांना बोलावणं.

दुसऱ्या दिवशीपासून दबाव आला. चढाईपटूचे वडील आले, समितीतल्या एकांचा फोन आला, दोन सहकारी म्हणाले की पोरांचं चालायचंच, तालुका झाल्यावर शिक्षा द्या. इथे मुख्याध्यापकांची सही कामी आली. सगळ्यांना एकच कागद दाखवला, त्यावर वडिलांचीही सही होती. मी वाद घातला नाही. ‘हे आपण जुलैमध्ये मिळून ठरवलंय, नाव कुणाचं येणार हे तेव्हा माहीत नव्हतं’, एवढंच म्हणालो.

चढाईपटूला संघातून काढला नाही. तो रोज सरावाला आला, गुणलेखन केलं. त्याच्याशी दोनदा एकट्याने बोललो. त्याच्या बोलण्यातून निघालं की तो आठवीत असताना त्याच्याशीही असंच झालं होतं आणि तेव्हा कुणी काही केलं नव्हतं. त्यामुळे शिक्षा कमी झाली नाही, पण त्याच्याशी काय बोलायचं ते मला कळलं. लहान मुलाला सगळ्यांसमोर माफी स्वीकारायला लावली नाही. त्याला विचारलं, तो म्हणाला, ‘माफी नको, माझ्या बाजूला त्याला उभा करू नका.’ महिनाभर ते पाळलं.

आम्ही तालुक्याचा तो सामना हरलो आणि स्पर्धेतून बाहेर पडलो. काही पालक माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. तुमच्याही बाबतीत असं होऊ शकतं, म्हणून लपवत नाही. त्यानंतर काय दिसलं तेही सांगतो: पुढच्या दोन महिन्यांत तक्रारपेटीत संघाबद्दलच्या चिठ्ठ्या वाढल्या. मुख्याध्यापकांना वाटलं की संघ बिघडला. मला ती चांगली खूण वाटली. त्रास आधीही होता, आता तो सांगितला जात होता. चिठ्ठ्यांतल्या दोन जुन्या गोष्टी तर सातवीपासून चालत आलेल्या निघाल्या.

अशा प्रकरणानंतर निदान तीन आठवडे मैदान बारकाईने बघा. खुन्नस उघड निघत नाही. साखळीत लहान मुलाचा हात न धरणं, त्याच्या नावावर गप्प बसणं, बसमध्ये त्याच्या शेजारची जागा रिकामी सोडणं, असं ती निघते. तेही नोंदवा, आणि पहिली पायरी लावा.

१०. हंगाम संपल्यावर

पुन्हा कोऱ्या चिठ्ठ्या वाटा, पण या वेळी तुम्ही वर्गाबाहेर जा आणि दुसऱ्या शिक्षकांना त्या गोळा करू द्या. प्रश्न तीन: कुठला नियम सगळ्यांना सारखा लागला नाही? सरांनी त्यांच्या पानावरचं काय पाळलं नाही? पुढच्या वर्षी लहान मुलांना काय सांगाल? दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं तुमच्या हाती येण्याआधी मुख्याध्यापकांनी वाचावीत.

त्या उत्तरांवरून दोन्ही पानं बदला. जो नियम वर्षभरात एकदाही वापरावा लागला नाही तो काढा, जो सारखा मोडला त्याचे शब्द तपासा. आमच्याकडे डब्याचा नियम असाच बदलला: ‘विचारल्याशिवाय घ्यायचा नाही’ होता, तर मोठी मुलं विचारून घ्यायची आणि लहानांना नाही म्हणता यायचं नाही. आता सगळे डबे मध्ये ठेवून एकत्र खातात. गुणतक्ते, पाळ्यांचा तक्ता आणि सह्यांची पानं एका फाइलमध्ये मुख्याध्यापकांकडे ठेवा. तुमची बदली झाली तर नवीन सरांना ती पहिल्या दिवशी मिळाली पाहिजे. तक्रारवही मात्र त्या फाइलमध्ये घालू नका. त्यातली मुलांची नावं फक्त मुख्याध्यापकांच्या कपाटातच राहावीत.